अनामत देण्याआधी: घरपट्टी, मालकी आणि परवानगी



मागच्या अंकात आपण नव्याने आलेल्यांनी बँकेचे खाते कसे उघडावे ते पाहिले. खाते उघडले की पुढची अडचण घराची. या वेळी त्यातल्या एकाच टप्प्याबद्दल लिहिते: घर पसंत पडल्यानंतर आणि पैसे देण्याआधी काय बघायचे.

गेल्या उन्हाळ्यात एका शनिवारी सकाळी, नागपूरहून दोन महिन्यांपूर्वीच आलेल्या आपल्यातल्या एका गृहस्थांचा फोन आला. बायको आणि चार वर्षांची मुलगी बारा दिवसांनी येणार होत्या. "ताई, फ्लॅट मिळाला! महिना पंधराशे पौंड. उद्या अनामत आणि पहिलं भाडं मिळून बत्तीसशे तीस द्यायचेत. बाबांनी सांगितलं होतं म्हणून घरपट्टीचं बिलही मागून घेतलं. मालकाच्याच नावावर आहे."

बाबांचे काही चुकले नव्हते. आपल्याकडे पुण्या-नागपुरात घर भाड्याने घेताना वडीलधारी माणसे तीनच गोष्टी विचारतात: मालकीचे कागद पाहिलेस का, सोसायटीची हरकत नाही ना, घरपट्टीच्या पावत्या कोणाच्या नावावर आहेत. प्रश्न इथेही तेच आहेत, पण कागद मात्र वेगळे आहेत. आणि घरपट्टीच्या बाबतीत तर अर्थच उलटा होतो.

आपल्याकडे महापालिकेचे बिल सहसा मालकाच्या नावाने येते. तिथेसुद्धा ती पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, पण निदान एक खूण असते. इथला काउन्सिल टॅक्स १९९३ पासून आहे आणि तो साधारणपणे घरात राहणाऱ्याने भरायचा असतो. घर भाड्याने दिलेले असेल तर बिल भाडेकरूच्या नावाने येते. मालकाच्या नावाने ते केव्हा येते? तो स्वतः तिथे राहत असेल तर, घर रिकामे असेल तर, किंवा वेगवेगळ्या खोल्या वेगवेगळ्या लोकांना दिलेल्या असतील तर. म्हणून मी विचारले, "हे मालक स्वतः तिथे राहतात का?" उत्तर आले, "नाही हो, त्यांचं स्वतःचं घर दुसरीकडे आहे. हा ते कायम भाड्यानेच देतात."

मग बिल त्यांच्या नावावर कसे? बिल खोटे नव्हते. ते अगदी खरे होते, आणि अडचण नेमकी तिथेच होती. हा माणूस त्या घराचा भाडेकरू असण्याची शक्यता त्या बिलावरून दिसत होती.

मालकी बघायची जागा म्हणजे लँड रजिस्ट्री. इंग्लंड आणि वेल्समधल्या घरांची ही नोंदवही ३ डिसेंबर १९९० पासून सर्वांना खुली आहे. मालकाची परवानगी लागत नाही आणि त्याला कळवावेही लागत नाही. GOV.UK वर Search for property and land information या नावाची सरकारी सेवा आहे. तिथे पोस्टकोड आणि घर क्रमांक घातला की नोंद सापडते, आणि तिची प्रत सात पौंडांना मिळते (डिसेंबर २०२४ पूर्वी तीन पौंड होते). शोधयंत्रात सरकारीसारख्याच दिसणाऱ्या खासगी साइट्स आधी येतात आणि त्याच प्रतीचे कितीतरी जास्त पैसे घेतात, तेवढे सांभाळा.

इथे एक चूक हमखास होते. फ्लॅट असेल तर बहुधा दोन नोंदी असतात: सगळ्या इमारतीची फ्रीहोल्ड आणि तुमच्या फ्लॅटची लीजहोल्ड. आपल्याला फ्लॅट क्रमांक असलेली लीजहोल्ड नोंद हवी. इमारतीची घेतली तर भलत्याच कंपनीचे नाव दिसते आणि आपण उगाच घाबरतो. लीजहोल्ड नोंद सापडलीच नाही आणि इमारत काउन्सिलच्या नावावर निघाली, तर मात्र थांबा. तो फ्लॅट काउन्सिलने कोणाला तरी राहायला दिलेला असू शकतो, आणि असे घर परस्पर भाड्याने देणे हा इंग्लंड-वेल्समध्ये २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

नोंदीचे तीन भाग असतात. 'अ' मध्ये मिळकतीचे वर्णन आणि लीजचा तपशील. 'ब' मध्ये मालकाचे नाव आणि त्याला पत्रव्यवहार करण्याचा पत्ता. 'क' मध्ये बोजे, म्हणजे बहुतेक वेळा गहाण आणि ते कोणत्या बँकेचे.

आमच्या प्रकरणात 'ब' मध्ये एका जोडप्याची नावे होती, २०१४ सालची, आणि पत्ता दुसऱ्याच गावाचा. बिलावरचे नाव कुठेच नव्हते. आता, नाव जुळले नाही म्हणजे माणूस लबाडच असे नाही. मालकाकडून घर भाड्याने घेऊन पुढे भाड्याने देणाऱ्या कंपन्या इथे आहेत, आणि सात वर्षे किंवा त्याहून कमी मुदतीचे भाडेपट्टे या वहीत सहसा स्वतंत्रपणे नोंदले जात नाहीत. पण मग मूळ मालकाची लेखी संमती दाखवता आली पाहिजे. तेवढेच आम्ही मागितले. आधी उत्तर आले की मालक चुलतभाऊ आहेत. संध्याकाळी उत्तर आले की दुसरे गिऱ्हाईक रोख पैसे घेऊन उभे आहे. सोमवारी फोन बंद. आम्ही नोंदीतल्या पत्त्यावर साधे पत्र टाकले होते. आठवड्याने त्या जोडप्याचा फोन आला: तो माणूस त्यांचा भाडेकरू, मुदत ऑक्टोबरपर्यंत, आणि पुढे भाड्याने द्यायची परवानगी त्याला कधीच दिलेली नव्हती.

नोंदवही नाव सांगते, चेहरा सांगत नाही. खऱ्या मालकाचे नाव घेऊन कोणीही येऊ शकतो. म्हणून नाव जुळले तरी फोटोचे ओळखपत्र बघावे, आणि पैसे त्याच नावाच्या खात्यात बँकेतूनच भरावेत. भरताना बँक खात्याचे नाव जुळते का ते दाखवते; जुळत नसेल तर पुढे जाऊ नये. मालक कंपनी असेल तर तिचे संचालक कोण ते कंपनीज हाउसच्या यादीत फुकट दिसते. आणखी एक खूण: इंग्लंडमध्ये घरमालकाने आपला व्हिसा तपासणे कायद्याने बंधनकारक आहे. जो पैशांची घाई करतो पण शेअर कोड विचारतही नाही, त्याच्याबद्दल शंका घ्यावी.

आता तिसरा प्रश्न, सोसायटीचा. दुसऱ्या फ्लॅटच्या वेळी सगळे जुळले. नोंदीत नाव त्या बाईंचेच, ओळखपत्र तेच, आणि त्या नोकरीनिमित्त दोन वर्षे परदेशी निघालेल्या. पण 'क' भागात एका बँकेचे गहाण होते. आपल्याकडच्या सोसायटीच्या ना-हरकत पत्राच्या जागी इथे बहुधा दोन परवानग्या लागतात. एक फ्रीहोल्डरची, म्हणजे इमारतीच्या मालकाची, जी मॅनेजिंग एजंट देतो. (काही इमारतींत रहिवाशांचीच कंपनी असते, ती आपल्या सोसायटीच्या सर्वांत जवळची.) दुसरी गहाण ठेवून घेणाऱ्या बँकेची.

पुष्कळ लीजमध्ये लेखी संमतीशिवाय फ्लॅट भाड्याने देऊ नये असे कलम असते, काहींत नुसते कळवायचे असते. ते न पाळल्यास फ्रीहोल्डर मालकावर दावा लावतो, आणि अगदी टोकाला जाऊन लीजच रद्द झाली तर आपला भाडेकरारही तिच्याबरोबर धोक्यात येतो. बँकेचे तसेच. स्वतः राहण्यासाठी कर्ज घेऊन, बँकेला न विचारता घर भाड्याने दिले आणि पुढे हप्ते थकले, तर आपला करार बँकेवर बंधनकारक नसतो. २०१० च्या कायद्याने भाडेकरूला कोर्टाकडून जास्तीत जास्त दोन महिन्यांची मुदत मिळू शकते, एवढेच. भाडे वेळेवर भरणाऱ्यालाही मुलांच्या शाळेच्या मध्येच घर सोडावे लागते ते असे.

बाईंनी बँकेला कळवले होते, पत्र लगेच दाखवले. फ्रीहोल्डरची संमती घ्यायची असते हे मात्र त्यांना ठाऊकच नव्हते. त्या चिडल्या नाहीत. मॅनेजिंग एजंटला लिहिले, शुल्क भरले आणि नऊ दिवसांनी पत्र आले. तोवर आपल्या मंडळातल्या एका घरी या तिघांची सोय झाली.

आणि हे सगळे अनामत देण्याआधी का? इंग्लंडमध्ये घर धरून ठेवण्यासाठी घेतली जाणारी रक्कम एका आठवड्याच्या भाड्यापेक्षा जास्त असू शकत नाही. पंधराशेच्या घराला ती ३४६ पौंड होते. पण ती देऊन आपणच माघार घेतली तर ती मालक ठेवून घेऊ शकतो. म्हणून आधी सात पौंड, मग ३४६. पुढची अनामत पाच आठवड्यांच्या भाड्यापर्यंत, म्हणजे इथे १,७३० पौंड (वर्षाचे भाडे पन्नास हजारांच्या आत असेल तर), आणि ती तीन मान्य योजनांपैकी एकीत ३० दिवसांत ठेवावी लागते. हे संरक्षण खऱ्या मालकाकडून मिळते. तोतया माणूस कुठल्याच योजनेत पैसे ठेवत नाही आणि हे कळेपर्यंत महिना गेलेला असतो. इथली पत नसलेल्या नवख्यांकडून सहा-सहा महिन्यांचे भाडे आगाऊ मागण्याची पद्धत होती. १ मे २०२६ पासून इंग्लंडमध्ये ते एका महिन्यापुरतेच घेता येते, आणि तेही करारावर सह्या झाल्यानंतर.

ग्लासगो-एडिंबराच्या मंडळींसाठी: तुमच्याकडे जमिनीची नोंदवही वेगळी आहे, पण घरमालकांची सरकारी यादी आहे आणि ती फुकट बघता येते. तिथे घर धरून ठेवण्यासाठी पैसे मागणेच बेकायदा आहे. वेल्समध्ये रेंट स्मार्ट वेल्सच्या यादीत मालकाचे नाव बघावे.

नागपूरच्या बाबांना आम्ही तिघांनी मिळून फोन केला. सगळे ऐकून ते म्हणाले, "म्हणजे घरपट्टी राहणाऱ्याने भरायची आणि मालक नामानिराळा? बरं आहे त्याचं." मुलगी सप्टेंबरपासून जवळच्या शाळेत जाऊ लागली आहे.

पुढच्या अंकात: घरात शिरताना करायची सामानाची यादी आणि फोटो, म्हणजे अनामत परत कशी मिळवायची.