सीट घेण्याआधी टाकीची उंची मोजा

घरातल्या वयस्कर माणसाचे गुडघे आणि हात साथ देईनासे झाले की शहरातली मुलं हल्ली कौतुकानं इलेक्ट्रिक बिडे सीट पाठवतात. बटण दाबलं की कोमट पाणी, हात मागे न्यायची गरज नाही. संधिवात किंवा पक्षाघात झालेल्यांना ही खरोखर मोठी सोय आहे. पण वडूजसारख्या गावातल्या बैठ्या घरात ती चालेल का, हे सीटवर नव्हे, तर टाकीवर आणि सॉकेटवर ठरतं.

आधी पाण्याचं पाहू. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब साधारण एक बार असतो. स्लॅब तीन मीटरवर, टाकीचा कट्टा अर्ध्या मीटरचा आणि सीटची जोडणी फरशीपासून वीस सेंटिमीटरवर धरली, तर मिळणारी उंची ३.३ मीटर. म्हणजे दाब जेमतेम ०.३३ बार, टाकी मीटरभर भरलेली असली तरी ०.४३. अनेक इलेक्ट्रिक सीटना मात्र किमान अर्धा बार लागतो. मग नळी बाहेर येते, पण धार नेमक्या जागी पोहोचत नाही. त्यावर उपाय म्हणजे टाकी दोनेक मीटर उंच करणं किंवा प्रेशर पंप बसवणं.

आता वीज. पाणी वाहता वाहता तापवणाऱ्या सीटला १२०० ते १४०० वॅट लागतात, म्हणजे सुमारे सहा अँपिअर. दोन हजार वॅटचा गिझर त्याच वायरवर असेल, तर बेरीज पंधरा अँपिअरच्या घरात जाते. म्हणून गिझरच्या सॉकेटला मल्टिप्लग लावू नये. कमोडजवळ, पण शॉवरच्या शिंतोड्यांपासून दूर, वेगळ्या वायरीचं सॉकेट हवं. त्याला पक्कं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. ओल्या अंगाला शॉक बसू लागताच तो वीज तोडतो. जपानहून कुणी सीट आणली, तर ती १०० व्होल्टची असते. आपल्या २३० व्होल्टवर ती थेट जोडली की जळते. आणि वीज गेली की बहुतेक सीटमधून पाणीच येत नाही. घरगुती छोट्या इन्व्हर्टरला हा भार झेपत नाही.

साध्या जेट स्प्रेला यातलं काहीच लागत नाही. कमी दाबावरही त्याचं काम भागतं. फक्त वापर झाल्यावर भिंतीतला कॉक बंद करावा, नाहीतर सतत दाबाखाली राहून पाइप फुटतो.

माझं मत असं, की ज्यांचे हात चालतात त्यांना जेट स्प्रे पुरेसा आहे. ज्यांचे चालत नाहीत, त्यांच्यासाठी सीट जरूर घ्यावी. पण आधी प्लंबर आणि वायरमन बोलवावेत, ऑर्डर नंतर द्यावी. आणि सीट बसवली तरी शेजारचा जेट काढू नये.