रोलरवरचे सत्य

एखादे विधान अक्षरशः खरे असूनही फसवे असू शकते काय? हा प्रश्न चाकणच्या परिसराला अगदी जवळचा आहे. 2009 साली तेथे फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. पुढे हीच कंपनी अमेरिकेत आपल्या मोटारी ‘स्वच्छ डिझेल’ म्हणून विकत असल्याचे, आणि तो दावा खोटा असल्याचे, सप्टेंबर 2015 मध्ये उघड झाले.

युक्ती साधी होती. धुराची चाचणी बंद दालनात, मोटार रोलरवर चढवून होते. चाके फिरतात, परंतु स्टिअरिंग वळत नाही. वेगही ठरलेल्या क्रमाने बदलतो. मोटारीतील संगणक या खुणा ओळखी आणि तेवढ्यापुरते धूरनियंत्रण पूर्ण चालवी. रस्त्यावर येताच ते सैल पडे. परीक्षक समोर असेतो सदाचार, पाठ वळताच स्वैराचार!

भारतात पुण्याच्या एआरएआय या संस्थेने मोटारी प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून पाहिल्या. नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण भारत-4 मानकाच्या 1.1 ते 2.6 पट आढळले. कंपनीने सुमारे 3 लाख 23 हजार मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची घोषणा केली. मात्र तिचा युक्तिवाद असा की, भारतीय नियम केवळ दालनातील चाचणीचा आहे. रस्त्यावरील मोजमापाला कायद्यात मानकच नाही, मग उल्लंघन कसले?

कायद्याच्या भाषेत हा मुद्दा क्षुल्लक नव्हता. पण ग्राहकाने मोटार रोलरवर चालविण्यासाठी घेतली नव्हती, आणि शेजाऱ्यांच्या छातीत जाणारा धूर रस्त्यावरचाच होता. राष्ट्रीय हरित लवादाने मार्च 2019 मध्ये 500 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. तज्ज्ञ समितीने आरोग्यहानीचा अंदाज सुमारे 171 कोटींचा दिला होता. दोन महिन्यांतच सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईस मनाई केली. नियमातील फट मात्र एप्रिल 2023 पासून बुजू लागली. भारत-6च्या दुसऱ्या टप्प्यात रस्त्यावरील चाचणी आली.

शब्दांचा हिशेब त्यानंतर मागितला गेला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ऑक्टोबर 2024च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ‘स्वच्छ’, ‘हरित’, ‘पर्यावरणपूरक’ असे शब्द पुराव्याविना आणि स्पष्टीकरणाविना वापरता येत नाहीत. त्या यादीत ‘क्रूरतामुक्त’ हाही शब्द आहे. या मासिकाच्या वाचकांच्या घरात तो शब्द पाहूनच कितीतरी वस्तू येतात. दावा संपूर्ण वस्तूचा की वेष्टनाचा, निर्मितीचा की वापराचा, हेही आता सांगावे लागते.

म्हणून विजेवरील मोटारीवर ‘शून्य उत्सर्जन’ असे लिहिलेले दिसले, तर विक्रेत्याला विचारावे: हे शून्य नेमके कोठे मोजले? धुराड्यापाशी मोजले असेल तर ते खरे आहे. वीज कोळशाची असेल, तर वीजकेंद्रापाशी ते खरे नाही.