शब्दाची पायरी

गेल्या मे महिन्यात भाचीचा फोन आला. "मावशी, इथल्या प्राथमिक शाळेत टीचिंग असिस्टंटची जागा निघालीय. उद्या अर्ज द्यायचाय, जरा नजर टाक ना."

मुलाच्या शाळेत ती वर्षभर वाचनाच्या तासाला बिनपगारी जात होती. अर्जात तिनं लिहिलं होतं की, मी मुलांना वाचनात 'फॅसिलिटेट' केलं.

"हा शब्द कुठून आणलास?"

"'हेल्प' अगदीच साधा वाटला गं. थिसॉरसमध्ये बघितलं."

थिसॉरस समानार्थी शब्द शेजारी शेजारी बसवतो, पण कोण घरचा आणि कोण कचेरीतला ते फारसं सांगत नाही. मराठीत हे आपल्याला न शिकवता कळतं. गणपतीच्या तयारीला आपण 'हातभार' लावतो, एरवी 'मदत' करतो आणि मंडळाच्या अहवालात 'साहाय्य' लिहितो. स्वयंपाकघरात "भाजी चिरायला साहाय्य कर" म्हटलं तर पोरंसुद्धा हसतील. हातभार घरचा, मदत अरबी-फारसीतून आलेली, साहाय्य संस्कृतातलं. इंग्रजीतही तसंच आहे. 'हेल्प' मूळचा इंग्रजी. 'सपोर्ट', 'असिस्ट' आणि 'फॅसिलिटेट' यांचं कूळ लॅटिन.

मग आम्ही चारही शब्द तिच्याच वाक्यात घालून पाहिले. 'हेल्प' बोलण्यातही चालतो, लिहिण्यातही. 'सपोर्ट' एक पायरी वर. त्यात सतत पाठीशी राहणं येतं. 'असिस्ट' आणखी औपचारिक, आणि त्यात मुख्य काम दुसऱ्याचं असतं: बाईंना असिस्ट केलं, हे बरोबर. 'फॅसिलिटेट' सगळ्यांत वरचा, पण तो माणसाला लावत नाहीत. चर्चा फॅसिलिटेट करतात, मुलांना नाही. म्हणजे पायरी चढताना अर्थही थोडा सरकतो, आणि कधी व्याकरणही. शंका आली तर शिकणाऱ्यांसाठीचा केंब्रिज किंवा ऑक्सफर्डचा शब्दकोश उघडावा. तिथे अशा शब्दापुढे 'फॉर्मल' असा शेरा असतो आणि वाक्यातला वापरही दिसतो.

आता यातली पायरी कोणती निवडायची? ते जाहिरातच सांगते. या शाळेच्या जाहिरातीत 'सपोर्ट' चार वेळा होता, 'फॅसिलिटेट' एकदाही नव्हता. मी भाचीला म्हटलं, "शाळा ज्या पायरीवर उभी आहे, तिथेच आपण उभं राहायचं."

तिनं लिहिलं: आठवड्यातून दोन सकाळी सहा मुलांच्या गटाला वाचनात 'सपोर्ट' केलं. पुढच्या वाक्यात मात्र 'हेल्प' मुद्दाम ठेवला: एका अबोल मुलाला अक्षरं जोडून पहिला शब्द वाचायला 'हेल्प' केली. तिथे एकच मूल होतं, शेजारी बसून केलेलं काम होतं. साधा शब्दच खरा वाटत होता.

शेवटी तिला सगळा अर्ज मोठ्यानं वाचायला लावला. जो शब्द मुलाखतीत आपल्या तोंडून सहज निघणार नाही, तो अर्जातही नको.

मुलाखतीचं बोलावणं आलं. पहिलाच प्रश्न होता, "त्या अबोल मुलाबद्दल सांगा."