‘अडीच पट’ पगाराचा खरा हिशेब

आठव्या वेतन आयोगाची चर्चा सुरू झाल्यापासून गोंदियातही ‘किती पट?’ हाच प्रश्न ऐकू येतो. आम्ही मागचा हिशेब काढून पाहिला.

सहाव्या आयोगात राज्याच्या शिपायाचे सुरुवातीचे मूळ वेतन, ग्रेड वेतन धरून, ५,७४० रुपये होते. १ जानेवारी २०१६ ला महागाई भत्ता १२५ टक्के, म्हणजे ७,१७५ रुपये. दोन्ही मिळून १२,९१५. सातव्या आयोगाने मूळ वेतनाला २.५७ ने गुणले आणि तक्त्यात बसवून ते १५,००० केले. पण भत्ता शून्यावर आला. खरी वाढ २,०८५ रुपयांची, साधारण १६ टक्के. बाकीचे पैसे आधीच मिळत होते, फक्त रकाना बदलला!

मग भत्ता ग्राहक किंमत निर्देशांकाच्या बारा महिन्यांच्या सरासरीवरून पुन्हा चढतो, वर्षातून दोनदा. ५० टक्क्यांना १५,००० वर ७,५०० मिळतात. ही बढती नव्हे, महागाईची भरपाई आहे, तीही उशिरा. राज्याने सातवा आयोग लागू केला २०१९ मध्ये आणि तीन वर्षांची थकबाकी पाच हप्त्यांत वाटली.

आपल्या तरुणांचा प्रश्न याहून कठीण आहे. कंत्राटी पदाला ठरावीक मानधन असते, महागाई भत्ता नसतो. १५,००० चे मानधन तसेच राहून किमती निम्म्याने वाढल्या, तर त्याची खरेदीची ताकद १०,००० वर येते. म्हणून जाहिरातीत पद नियमित वेतनश्रेणीत आहे की एकत्रित मानधनावर, ती ओळ आधी वाचा.