जुलाब थांबल्यानंतरची गोळी

1971 साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांनी पश्चिम बंगालमधले बनगाव भरून गेले आणि छावण्यांत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा पाण्यात मिसळून ते पाणी रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजायला सुरुवात केली. शंभरात सुमारे तीस मृत्यू होत होते, ते प्रमाण चारच्याही खाली आले. आज आपण जिला जलसंजीवनी किंवा ओआरएस म्हणतो, तिची ताकद जगाला दिसली ती या चिखलातल्या छावणीत.

पण जलसंजीवनीची एक मर्यादा तिच्या जन्मापासून होती. ती शरीरातून गेलेले पाणी आणि क्षार भरून काढते. जुलाब थांबवत नाही. आईच्या दृष्टीने पाहा. लेकराला दिवसात दहा वेळा पातळ परसाकडे होते आहे, डॉक्टर पुडी देतात, ती निष्ठेने पाजते आणि दुसऱ्या दिवशीही लंगोट तसेच भिजतात. तिला औषध हवे असते. म्हणून ती दुकानातून प्रतिजैविक आणते, किंवा आतड्यांची हालचाल बंद पाडणारी गोळी आणते, जी लहान मुलांना मुळीच देऊ नये. 1980 च्या दशकात भारत आणि बांगलादेशातल्या बालरोगतज्ज्ञांना हे रोज दिसत होते. मूल जगत होते, पण आजार आपल्या गतीनेच संपत होता, आणि कुपोषित मुलांत तर पंधरवडा उलटला तरी संपत नव्हता.

याचे उत्तर वेगळ्याच दिशेने चालत आले. मूळचे बिहारचे डॉ. आनंद प्रसाद 1960 च्या सुमारास इराणमध्ये शिराझला काम करत होते. तिथे खुंटलेल्या वाढीचे, वयात न आलेले तरुण त्यांनी पाहिले. त्यांचे खाणे म्हणजे मुख्यतः कोंड्यासकट गव्हाची रोटी. धान्यातले फायटेट नावाचे द्रव्य जस्ताला, म्हणजेच झिंकला, धरून ठेवते आणि आतड्यात शोषू देत नाही. माणसाला झिंकची कमतरता होऊ शकते हे तोवर वैद्यकशास्त्राला मान्य नव्हते. प्रसाद यांनी इराण आणि मग इजिप्तमधल्या कामातून ते दाखवले. पुढे 1970 च्या दशकात एका दुर्मीळ आनुवंशिक आजाराचे कोडे सुटले. त्यात बाळाच्या तोंडाभोवती आणि बुडाशी चट्टे उठतात, केस गळतात आणि जुलाब काही केल्या थांबत नाहीत. ही बाळे झिंक नीट शोषू शकत नाहीत, आणि ते जास्त प्रमाणात दिले की काही दिवसांत सुधारतात. त्यांचे जुलाबही थांबत होते, ही गोष्ट आतड्याच्या अभ्यासकांनी नेमकी हेरली.

लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे असंख्य बारीक उंचवटे असतात आणि त्यांच्यावर पेशींचा एकच थर असतो. याच पेशी ग्लुकोजच्या जोडीने मीठ आत ओढतात, त्यामागून पाणी येते आणि जलसंजीवनी काम करते. रोटाव्हायरससारखा विषाणू नेमक्या उंचवट्यांच्या टोकांवरच्या पेशी मारतो. उंचवटे आखूड होतात, दूध पचवणारी विकरे कमी पडतात, पेशींमधले घट्ट सांधे सैल होतात. नव्या पेशी उंचवट्यांच्या तळाशी असलेल्या खळग्यांत तयार होतात आणि वर सरकत जातात. निरोगी आतड्यात हा थर तीन ते पाच दिवसांत बदलतो. पेशी दुभंगायची तर डीएनए तयार करणारी विकरे लागतात, आणि त्यांतल्या अनेकांना झिंक लागते. पेशींमधले सांधे घट्ट राहायलाही ते लागते. नेमक्या या वेळी मूल पातळ शौचातून झिंक गमावत असते. लोहाचा असतो तसा झिंकचा वापरायजोगा साठा शरीरात नसतो. म्हणजे दुरुस्तीची गरज सर्वांत मोठी असते तेव्हाच तिचे साहित्य वाहून जात असते.

हे नुसते तर्काने सांगितलेले नाही. ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्रातल्या, 1992 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांना दोन साखरा पाजल्या होत्या. मॅनिटॉल हा लहान रेणू निरोगी पेशींच्या थरातून सहज शोषला जातो. लॅक्टुलोज मोठा असतो. तो लघवीत जास्त उतरला तर सांध्यांतून गळती आहे असे समजायचे. झिंक मिळालेल्या मुलांत ही गळती कमी झालेली आढळली. या अभ्यासाच्या लेखकांत महालनबीसही होते, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. ज्या माणसाने पाणी भरून काढले, तोच वीस वर्षांनी फुटलेल्या अस्तराकडे वळला होता.

एक सावधगिरी इथे हवी. झिंक फक्त अस्तरच दुरुस्त करते असे नाही. ते रोगप्रतिकारक पेशींना बळ देते, आणि पेशीतून क्लोराइड व पाणी आतड्यात सोडणारी एक वाट ते रोखते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. मुलाच्या पोटात यातले कोणते काम किती वाटा उचलते, हे वेगळे काढणे अवघड आहे. पण बरे होण्याचा वेळ आणि औषध चालू ठेवण्याचा काळ यांचा मेळ सर्वांत चांगला लागतो तो अस्तराच्या दुरुस्तीशीच.

मोठी परीक्षा झाली ती दिल्लीत. कालकाजीच्या गरीब वस्तीतली सहा महिने ते तीन वर्षे वयाची 937 मुले सुनील साझवाल, रॉबर्ट ब्लॅक आणि एम. के. भान यांच्या गटाने घेतली. सर्वांना जलसंजीवनी आणि जीवनसत्त्वे मिळाली, निम्म्यांना शिवाय रोज 20 मिलिग्रॅम झिंक. 1995 मध्ये निष्कर्ष आले: जुलाब पुढे चालू राहण्याचा धोका 23 टक्क्यांनी घटला आणि दिवसातल्या पातळ शौचांची सरासरी 39 टक्क्यांनी. वाढ खुंटलेल्या मुलांना फायदा जास्त झाला, कारण त्यांची झिंकची झोळी आधीच रिकामी होती.

मग प्रश्न आला तो अगदी व्यवहारी. आईला दोन गोष्टी सांगण्यापेक्षा झिंक पुडीतच मिसळले तर? दिल्लीतच बाराशेहून अधिक मुलांवर हेही पाहिले गेले आणि 2002 साली ते प्रसिद्ध झाले. एका गटाला लिटरमागे 40 मिलिग्रॅम झिंक असलेली जलसंजीवनी दिली, दुसऱ्याला साधी जलसंजीवनी आणि वेगळे झिंकचे सिरप. मिसळलेल्या पुडीने शौचांची संख्या काहीशी घटली, पण सिरपने ती अधिक घटली आणि आजाराचा काळही सिरपनेच आखूड झाला. कारण साध्या हिशेबात आहे. ज्या मुलाने दिवसात अर्धा लिटर प्यायले त्याला 20 मिलिग्रॅम मिळाले. पाव लिटर पिऊन तोंड फिरवणाऱ्याला 10 मिळाले, आणि लिटरभर पिणाऱ्याला 40. शिवाय जुलाब ओसरले की कोणी जलसंजीवनी पाजत नाही, आणि झिंकही त्याच दिवशी बंद होते. जलसंजीवनी तहान आणि गळती पाहून द्यायची असते. झिंक घड्याळ लावून. दोन्ही लागतात, पण एका भांड्यात घालून चालत नाहीत.

घड्याळ किती दिवस चालवायचे, हे त्याच वर्षी बांगलादेशातल्या मतलबमधून कळले. तिथे अब्दुल्ला बाकी यांच्या गटाने गावांचे गट पाडून जुलाब झाला की चौदा दिवस झिंक दिले. आजार सुमारे चतुर्थांशाने लवकर संपला. पुढच्या काळात नवे जुलाब सुमारे 15 टक्क्यांनी कमी झाले, आणि अपघात वगळता झालेले बालमृत्यू जवळपास निम्म्यावर आले. प्रतिजैविकांचा वापरही घटला, कारण आईच्या हातात आता 'औषध' होते. हा नंतरचा लाभ मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जुलाब थांबतात तेव्हा अस्तर वर आलेले असते, पण मुलाची झिंकची तूट भरलेली नसते. उरलेले दहा दिवस ती तूट भरण्यासाठी असतात.

2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी सोडियम व ग्लुकोज कमी केलेल्या नव्या जलसंजीवनीसोबत दहा ते चौदा दिवस झिंक, असा एकत्र सल्ला दिला: सहा महिन्यांपुढे रोज 20 मिलिग्रॅम, त्याखाली 10. भारताच्या कार्यक्रमात चौदा दिवस ठरले.

आता एक प्रसंग धरू. आषाढात चौदा महिन्यांची मुलगी, वजन साडेसात किलो, दिवसात आठ पातळ शौच, डोळे फारसे खोल नाहीत, पाणी हपापून पिते. प्रत्येक शौचानंतर 50 ते 100 मिलिलिटर जलसंजीवनी वाटी-चमच्याने हळूहळू पाजायची, आणि दिवसातून एकदा 20 मिलिग्रॅमची गोळी चमच्यात थोड्या उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून द्यायची. गोळी मिनिटभरात विरते. अंगावरचे दूध आणि मऊ भात चालूच. अर्ध्या तासात उलटी झाली तर पुन्हा एकदा द्यावी. तिसऱ्या दिवशी शौच दोनवर आले, पाचव्या दिवशी घट्ट झाले. गोळ्यांची पट्टी बहुतेक घरांत इथेच कपाटावर जाते. चौदातल्या पाच संपलेल्या, नऊ शिल्लक. दर पावसाळ्यात जुलाबाविरुद्ध मोहीम राबवली जाते, आशाताई घरोघरी पुडी आणि पट्टी देतात, हे मोलाचे आहे. पण त्यांची दुसरी भेट आठव्या दिवशी झाली आणि त्यांनी पट्टी मागून पाहिली, तर कुठे चुकते आहे ते तिथेच दिसेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019–21 च्या फेरीत जुलाब झालेल्या दहांपैकी सुमारे सहा मुलांना जलसंजीवनी मिळाली होती आणि झिंक जेमतेम तिघांना.

झिंकची मर्यादाही सांगितली पाहिजे. सर्व चाचण्या एकत्र पाहिल्या तर सहा महिन्यांपुढच्या मुलांत आजार सरासरी अर्धा दिवस आखूड होतो. कुपोषित मुलांत सुमारे एक दिवस. सहा महिन्यांखाली स्पष्ट फायदा दिसलेला नाही. शौचात रक्त असेल, मूल सुस्त असेल, पिऊ शकत नसेल, पोटावरची चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर हळू जागेवर येत असेल, तर गोळीवर विसंबून घरी थांबू नये. आणि मूल जिवंत ठेवते ती जलसंजीवनीच. गोळी दिली म्हणून पुडी कमी केली तर घात होईल.

झिंकचा ठरलेला त्रास म्हणजे उलटी. धातूसारखी चव आणि रिकाम्या पोटाची मळमळ यांमुळे अनेक आया दुसऱ्या दिवशीच गोळी सोडतात. दिल्ली आणि टांझानियातल्या दार-एस-सलाममध्ये 4,500 मुलांवर झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 20, 10 आणि 5 मिलिग्रॅम अशी तुलना केली. जुलाबांवरचा परिणाम छोट्या मात्रेतही उणा ठरला नाही, आणि उलट्या मात्र 20 वर सुमारे 19 टक्के मुलांना झाल्या, 10 वर 16 आणि 5 वर 14. आपल्या आरोग्य केंद्रांतली गोळी मात्र आजही 20 ची धरूनच बनते. ती अर्धी करून द्यायची, की नवी 10 ची गोळी काढायची, आणि कुपोषित मुलांसाठी कोणती मात्रा ठेवायची, हे राज्याच्या बालआरोग्य विभागाने येत्या पावसाळ्याआधी तज्ज्ञांसमोर मांडावे. पट्टीवर छापलेले चौदा दिवस मात्र तसेच राहू द्यावेत.