जुना डाग लपवू नका

मंडळी, व्हिसाची मेडिकल अडकली की आपल्याकडे एकच ऐकू येतं, "डॉक्टरनं पैशासाठी अडवलं." परवा समाजाच्या कार्यक्रमात पुन्हा तेच कानावर आलं, म्हणून लिहितोय. आमचं अडकलं ते आमच्याच खोटेपणानं.

मुलगा टोरांटोला. सूनबाईच्या बाळंतपणासाठी आम्ही कॅनडाचा सुपर व्हिसा भरला. त्याची तपासणी फॅमिली डॉक्टरकडे चालत नाही, कॅनडा सरकारच्या यादीतलाच पॅनेल फिजिशियन लागतो. आम्ही उज्जैनहून अहमदाबादला गेलो. बँकेत आपण नाही का, कर्जदाराचा माणूस नाकारून आपल्या पॅनेलवरचा व्हॅल्युअर पाठवायचो? तो घर मोजायचा, कर्ज मंजूर करायचा नाही. हे डॉक्टरही तेवढंच करतात. रिपोर्ट ऑनलाइन थेट कॅनडाच्या खात्याकडे जातो, निर्णय तिथं होतो.

सौ.ला 1978 साली टीबी झाला होता. दीड वर्ष औषधं घेऊन ती खडखडीत बरी झाली, पण घरात तो शब्द कुणी काढत नसे. मुलीच्या सासरीही माहीत नाही! एजंट म्हणाला, "कशाला सांगता, लिहा नाही." मीच तिला तसं सांगायला लावलं. छातीच्या एक्स-रेत वरच्या भागात जुना व्रण दिसला. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती रडली आणि खरं बोलली. बरं झालं बोलली. खोटी माहिती सिद्ध झाली तर कॅनडात पाच वर्षं प्रवेशबंदी होऊ शकते, हे एजंटानं कुठं सांगितलं होतं?

डाग जुना की रोग चालू, हे एका फिल्मवरून ठरत नाही. म्हणून तीन दिवस सकाळी बेडक्याचे नमुने द्यावे लागले. सूक्ष्मदर्शकाचा निकाल लवकर आला. पण कल्चरमध्ये टीबीचे जंतू फार हळू वाढतात. "नाहीत" म्हणायला सहा ते आठ आठवडे थांबावंच लागतं. लाच देऊन जंतू लवकर वाढत नाहीत हो! मध्येच खोकल्यासाठी स्वतःहून अँटिबायोटिक घेऊ नका, काही औषधं टीबीचे जंतू दाबून टाकतात आणि निकाल फसवा येतो.

पित्ताशयाच्या ऑपरेशनआधीचा 2011 चा एक्स-रे आमच्या पेटीतच पडून होता. डाग तेव्हाही तसाच होता. तो पहिल्याच दिवशी नेला असता तर तुलनेला काही हाती असतं. आम्ही लपवण्यात गुंतलेलो.

कल्चर निगेटिव्ह आलं, व्हिसाही मिळाला. सोबत एक कागद होता: पोचल्यावर 30 दिवसांत तिथल्या आरोग्य खात्याला कळवा. सौ.ला तोही अपमान वाटला. मला नाही वाटला.

आम्ही पोचलो तेव्हा नातू दीड महिन्याचा झाला होता. सूनबाईची आई एकटीनं सगळं निभावत होती.

काल फ्रीगंजातल्या एका वहिनींचा फोन आला, "भाऊजी, यांचा टीबी लिहू का?" म्हटलं, "लिहा, आणि आधी जुनी फिल्म शोधा."