ठेला उघडा आहे का?

ईदनंतरची गोष्ट. भद्रावतीत सीख कबाबचा ठेला लावणारे आमच्या ओळखीचे एक चाचा एका रात्री साडेदहाला ताडपत्री बांधून घरी गेले. पाऊण तासाने फोन वाजला. वरोऱ्याहून दोन मोटारसायकलींवर एक कुटुंब आले होते, लहान मुलांसह. "चाचा, तुम्हीच तर व्हिडिओत सांगितलं, रात्री एक वाजेपर्यंत ठेला सुरू असतो!" चाचांना काय बोलावे सुचेना. तो व्हिडिओ त्यांच्या भाच्याने रमजानमध्ये काढला होता आणि रमजानमध्ये ते खरेच एकपर्यंत बसत. महिना संपला, वेळ बदलली, व्हिडिओ मात्र तेच सांगत राहिला.

दुसऱ्या बाजूने नुकसान वेगळेच होते. चाचा रविवारी सकाळी पाया करतात. पाया रात्रभर मंद आचेवर शिजतो, म्हणजे खर्च आदल्या दिवशीच झालेला असतो. आणि सकाळी पातेले अर्धे उरायचे, कारण कबाबवाल्याकडे सकाळी पाया मिळतो हे मोहल्ल्याबाहेर कुणाला ठाऊकच नव्हते. व्हिडिओ हजारोंनी पाहिला होता. पण त्याखाली वर्णनाच्या जागी एवढेच लिहिले होते, "मस्त टेस्ट, एकदा नक्की या, लाइक करा."

आम्ही भाच्याला घेऊन बसलो आणि ते वर्णन नव्याने लिहिले. वाचकहो, तुमच्या घरातही कुणाचा ठेला, हॉटेल किंवा बिर्याणीच्या ऑर्डरचे काम असेल, म्हणून ते सगळे इथे सांगतो.

पहिली गोष्ट ही की, यूट्यूबवर एकदा चढवलेल्या व्हिडिओत तोंडाने बोललेली वेळ बदलता येत नाही. नको असलेला तुकडा कापता येतो, पण त्या जागी नवे बोलणे घालता येत नाही. वर्णन मात्र केव्हाही बदलता येते. यूट्यूब स्टुडिओच्या अ‍ॅपमध्ये व्हिडिओ निवडायचा, पेन्सिलच्या चिन्हावर बोट ठेवायचे, मजकूर सुधारून जतन करायचा. पाहणाऱ्यांचा आकडा आणि पाठवलेली लिंक तशीच राहते. म्हणून टिकणाऱ्या गोष्टी, म्हणजे मसाला, शेगडी, चाचांचा हात, व्हिडिओत दाखवाव्यात. बदलणाऱ्या गोष्टी, म्हणजे वेळ, सुट्टी आणि भाव, वर्णनात लिहाव्यात.

दुसरी गोष्ट जागेची. वर्णनात 5,000 अक्षरे मावतात, पण फोनवर आधी जेमतेम सुरुवात दिसते. बाकीचे उघडायला बोट ठेवावे लागते, आणि भुकेला माणूस ते ठेवेलच असे नाही. म्हणून गाव, पदार्थ आणि वेळ अगदी वर. आम्ही लिहिले ते असे:

```
भद्रावती (जि. चंद्रपूर): सीख कबाब, पाया, दालचा-खाना
रोज संध्याकाळी 5 ते रात्री 10.30. सोमवारी बंद.
रविवारी सकाळी 7 ते 10: पाया आणि नान.
शुक्रवारी दुपारी 2.15 ते 4: दालचा-खाना, 40 प्लेटच.
रमजानमध्ये वेळ बदलते, ती इथेच लिहू.
जागा: बसस्थानकाकडून भांदक स्टेशनकडे जाताना
डाव्या हाताला, निळी ताडपत्री.
इथे फक्त मांसाहारी पदार्थ मिळतात.
Bhadrawati, Chandrapur: seekh kabab, paya near Bhandak station
```

"जि. चंद्रपूर" कशाला, गाव तर सगळ्यांना माहीत आहे, असे चाचा म्हणाले. पण कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यातही भद्रावती आहे, पोलाद कारखान्याचे मोठे गाव. नुसते "भद्रावती कबाब" शोधणाऱ्यापुढे दोन्हीकडचे व्हिडिओ येऊ शकतात. शिवाय आपल्या रेल्वे स्टेशनचे नाव भांदक आहे. गाडीतून उतरणारा तेच नाव शोधतो, म्हणून तेही हवे. शेवटची इंग्रजी अक्षरांतली ओळ त्यासाठीच, कारण बरेच जण मराठी बोलतात पण फोनवर इंग्रजी अक्षरांत टाइप करतात. ती ओळ एकच असावी. दहा गावांची नावे कोंबली तर यूट्यूब तिला दिशाभूल समजू शकते.

वेळ लिहिताना चाचांनी आधी सांगितले होते, "लिही, असर के बाद से." मोहल्ल्यात हे चालते. पण आयुध निर्माणीतून पाळी संपवून येणाऱ्या कामगाराला, कोळसा खाणीतल्या माणसाला "असरनंतर" म्हणजे किती वाजता हे कसे कळणार? आणि असरची वेळ तर ऋतूप्रमाणे सरकते. म्हणून घड्याळाचीच वेळ लिहिली. शुक्रवारी 2.15 लिहिले ते जुम्याची नमाज आटोपून ठेला लावायला चाचांना तेवढा वेळ लागतो म्हणून. दोन लिहून सव्वादोनला उघडले की गिऱ्हाईक पंधरा मिनिटे उन्हात उभे राहते.

"40 प्लेटच" लिहायला चाचा कचरत होते. गिऱ्हाईक परत जाईल, असे त्यांना वाटले. पण तीन वाजता येऊन रिकामे पातेले पाहणारा चिडून जातो, आणि आधीच ठाऊक असलेला अडीचला येतो. "फक्त मांसाहारी" याचेही तसेच. भद्रावतीला पार्श्वनाथ मंदिराच्या दर्शनाला दूरदूरहून जैन यात्रेकरू येतात. त्यांना ठेल्यावर येऊन अवघडण्यापेक्षा आधीच कळलेले बरे.

या उपायाच्या मर्यादाही सांगतो. व्हिडिओ कुणी डाउनलोड करून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला तर वर्णन त्याच्याबरोबर जात नाही, मागे राहते. म्हणून फाइल नव्हे, लिंकच पाठवा. शॉर्ट्स या छोट्या व्हिडिओंच्या वर्णनात नकाशाची लिंक टाकली तरी ती 2023 पासून दाबून उघडत नाही. तिथे जागा शब्दांतच सांगा. मोबाइल नंबर टाकायचा तर दुकानाचा वेगळा टाका, घरातल्या मुलीबाळींचा नको. तो कुणाच्याही हाती जातो.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे लक्षात ठेवणे. चाचांचे पाच जुने व्हिडिओ होते आणि त्यांत तीन वेगवेगळ्या वेळा. भाच्याने पाचही ठिकाणी हेच वर्णन टाकले. रमजानच्या त्या व्हिडिओच्या पहिल्याच ओळीत लिहिले, "व्हिडिओतली वेळ रमजानची आहे, आताची वेळ खाली पाहा." चंद्राचे वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान आणि इफ्तारची वेळ दरवर्षी सरकते, तेव्हा मागच्या वर्षीचा मजकूर तसाच चिकटवून चालत नाही. आता ठरले आहे की रमजानच्या चाँदरात्री आणि ईदच्या चाँदरात्री, वर्षातून दोनदा, भाचा पाचही वर्णने उघडून वेळ बदलेल आणि खाली तारीख टाकेल.

मागच्या रविवारी आम्ही पायासाठी गेलो. नऊ वाजले होते. पातेल्याच्या तळाशी दोन वाट्या उरल्या होत्या. चाचा म्हणाले, "बसा, हे तुमचंच. पण पुढच्या वेळी वर्णन वाचून या, आठच्या आत!"